वाचलेलं पुस्तक महिन्याभरात विसरायला होतं: बिघाड नेमका कुठे आहे ते कसं ओळखायचं

माझी भाची इंदूरला शिकायला आली त्याला दोन वर्षं झाली. भंवरकुआला खोली घेऊन राहते, राज्यसेवेची तयारी करते आणि रविवारी सकाळी पोहे खायला आमच्याकडे येते. पोह्यांवर जिरावण भुरभुरता भुरभुरता एके दिवशी म्हणाली, "मावशी, माझ्या डोक्यात काही बिघाड आहे का गं? पंधरा दिवसांपूर्वी पुस्तक संपवलं. आता कोणी विचारलं तर दोन वाक्यंसुद्धा सांगता येत नाहीत."

पुस्तक होतं जॅरेड डायमंडचं 'गन्स, जर्म्स अँड स्टील', 1997 सालचं. चारशेच्या वर पानं. कादंबऱ्या तिला पात्रांच्या नावांसकट आठवतात, पण इतिहास, अर्थशास्त्र, विज्ञान असलं काही वाचलं की सगळं वाहून जातं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस वर्षं काढली आहेत. ही तक्रार मी इतक्या मुलांकडून ऐकली आहे की डोक्यातला बिघाड ही शंका मी पहिल्यांदाच बाजूला सारते. बहुतेक वेळा बिघाड वाचण्याच्या पद्धतीत असतो. तो तीनपैकी एका ठिकाणी सापडतो, आणि कुठे आहे ते दहा मिनिटांत कळतं.

तिला म्हटलं, पुस्तक घेऊन ये.

पुस्तक पाहिलं तर पानं पिवळी, गुलाबी आणि हिरवी. नवव्या प्रकरणात तर न रंगवलेली वाक्यं शोधावी लागत होती. मी एक पान उघडून रंगवलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे माहीत आहे?" ती लगेच म्हणाली, "हो हो, हे आहे ना माहीत." पुस्तक मिटलं आणि विचारलं, "मग सांग, झेब्रा माणसानं का पाळला नाही?" ती पंख्याकडे बघत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "काहीतरी चावतो वगैरे होतं."

इथेच पहिला सुगावा लागला. पान समोर असताना ओळखीचं वाटणं आणि पान मिटल्यावर सांगता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. शेजारच्या गल्लीतला माणूस रस्त्यात भेटला की आपण ओळखतो, पण घरी बसून त्याच्या चेहऱ्याचं वर्णन करायला सांगितलं तर अडतो. तसंच हे. रंगवलेली ओळ पुन्हा वाचली की ती सोपी वाटते, आणि सोपी वाटली म्हणजे पाठ झाली असा आपला समज होतो.

नुसतं ओळखता येतं की सांगताही येतं, हे बघायला एकच चाचणी पुरते, फक्त ती तीन वेळा घ्यायची. प्रकरण संपलं की पुस्तक मिटा आणि लगेच एका कागदावर त्यात काय होतं ते लिहा. हीच गोष्ट दुसऱ्या दिवशी करा, आणि आठवड्यानं पुन्हा एकदा. कुठल्या वेळी कागद कोरा राहतो त्यावरून दुखणं कळतं.

लगेचच कोरा राहिला, तर तुम्ही विसरलेला नाही, मुळात आत काही गेलंच नाही. त्यावर उजळणीचा उपाय लागू पडत नाही. वाचतानाच काहीतरी सुटतंय. लगेच जमलं पण आठवड्यानं गेलं, तर वाचन ठीक आहे. मधल्या काळात एकदाही आठवून बघितलं नाही, ही चूक. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा असतो. गोष्टी, किस्से, प्राणी सगळं आठवतं, पण ते कशासाठी सांगितलं होतं तेच आठवत नाही. भाचीचा कागद या तिसऱ्या प्रकारचा निघाला, थोडा दुसऱ्याचाही. "झेब्रा चावतो. चित्ते. चौदा प्राणी. आना कारेनिनाचा काहीतरी संबंध." एवढंच होतं. शेवटच्या ओळीवर तीच हसली.

आता पुस्तकांकडे वळते, कारण तिनं पहिला हट्ट तोच धरला: "स्मरणशक्तीवरचं एखादं चांगलं पुस्तक सांग, मी ते वाचून काढते." वाचलेलं विसरतं म्हणून आणखी एक पुस्तक वाचून काढायचं, यातली गंमत तिच्या लक्षात आली नव्हती. तरी पुस्तकं आहेत, आणि त्यातली काही खरोखर उपयोगी आहेत. अडचण अशी की प्रत्येक पुस्तक वेगळ्या दुखण्यावरचं आहे आणि दुकानात सगळी एकाच फळीवर असतात.

पहिल्या दुखण्यावर, म्हणजे वाचतानाच काही आत जात नाही त्यावर, आणि तिसऱ्यावरही, मॉर्टिमर अॅडलरचं 'हाऊ टु रीड अ बुक' चालतं. ते 1940 चं आहे आणि 1972 मध्ये चार्ल्स व्हॅन डोरेनबरोबर त्यानं ते नव्यानं लिहिलं. जरा लांबण लावणारं आहे, मास्तरकी थाटाचंही आहे. पण त्यातली एक मागणी सोन्यासारखी आहे: हे पुस्तक कशाबद्दल आहे ते एक-दोन वाक्यांत सांगा आणि लेखक कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधतोय ते शोधून काढा. भाचीला याचीच गरज होती. डायमंडच्या पुस्तकाचा प्रश्न सुरुवातीलाच आहे. न्यू गिनीमधल्या याली नावाच्या माणसानं त्याला विचारलं होतं की तुम्हा गोऱ्यांकडे एवढा माल आला आणि आमच्याकडे इतका कमी का? हा प्रश्न हातात धरून नववं प्रकरण वाचलं तर चित्ता, झेब्रा आणि कोआला हे प्राणिसंग्रहालयातले पाहुणे राहत नाहीत. ते साक्षीदार होतात. काही खंडांना जनावरं पाळता आली आणि काहींना नाही, त्यामागे माणसांची हुशारी होती की त्यांच्या वाट्याला आलेली जनावरं, या खटल्यातले साक्षीदार. प्रश्न नसला की तपशील टांगायला खुंटीच उरत नाही.

दुसऱ्या दुखण्यावरचं पुस्तक म्हणजे 'मेक इट स्टिक', 2014 चं. पीटर ब्राउन, हेन्री रोडिगर आणि मार्क मॅकडॅनियल असे तिघे लेखक आहेत. एकच पुस्तक घ्यायचं असेल तर मी हेच सांगते. रोडिगर हा स्वतः प्रयोग करणारा मानसशास्त्रज्ञ आहे. जेफ्री कार्पिकेबरोबर 2006 मध्ये त्यानं केलेला एक साधा प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री पाणमांजर यांवरचे छोटे उतारे सात मिनिटं वाचायला दिले. मग एका उताऱ्याला पुन्हा सात मिनिटं वाचन, आणि दुसऱ्याला पुन्हा वाचन नाहीच, आठवेल तेवढं कागदावर लिहायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचलेलं जास्त आठवलं, 81 टक्के, आणि लिहून बघितलेलं 75. आठवड्यानं घेतली तर आकडे उलटले. पुन्हा वाचलेलं 42 टक्क्यांवर घसरलं आणि लिहून बघितलेलं 56 वर टिकलं.

रात्रभर पुन्हा पुन्हा वाचून सकाळी पेपर देणाऱ्याला ती पद्धत चांगलीच वाटते, कारण तेवढ्या वेळापुरती ती चालतेच. म्हणूनच सवय सुटत नाही. पण पुस्तक तुम्हाला पुढच्या महिन्यात हवं असतं. रंगवण्याचंही तेच. 2013 मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात रंगवणं आणि पुन्हा वाचणं तळाच्या गटात गेलं. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांच्या अंतरानं विखरून करणं वरच्या गटात आलं.

नोट्सवरच्या पुस्तकांची गोष्ट थोडी निराळी आहे. वॉल्टर पॉकचं 'हाऊ टु स्टडी इन कॉलेज' हे कॉर्नेल नोट्सचं मूळ घर. पानावर डावीकडे अडीच इंचांची पट्टी, उजवीकडे मोठा भाग, खाली सारांशाला जागा. ही रेघ मारलेल्या वह्या मी शेकड्यानं पाहिल्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकीत डावी पट्टी कोरी असते नाहीतर तिच्यात मथळे लिहिलेले असतात. ती पट्टी प्रश्नांसाठी आहे. उजवीकडचा मजकूर हातानं झाकायचा, डावीकडचा प्रश्न वाचायचा आणि उत्तर मोठ्यानं म्हणायचं. ही पायरी गाळली तर कॉर्नेल नोट्स म्हणजे समास मोठा सोडलेली वही. तुम्ही या पद्धतीनं नोट्स काढता आणि तरी विसरता, तर आधी डावी पट्टी बघा.

'हाऊ टु टेक स्मार्ट नोट्स' हे झॉन्के आरेन्सचं 2017 चं पुस्तक सध्या मुलांच्या तोंडी फार आहे. निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञानं सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्यांचं कपाट उभं केलं, त्या पद्धतीवर ते आहे. पुस्तक छान आहे. पण ते लिहिणाऱ्यांसाठी आहे, प्रबंध, लेख, पुस्तक लिहिणाऱ्यांसाठी. लुमानचं कपाट त्याच्या वतीनं आठवणीत ठेवायचं. ज्याला परीक्षेच्या खोलीत किंवा मुलाखतीत कपाटाशिवाय बसायचंय, त्यानं नुसत्या चिठ्ठ्या साठवल्या तर डोकं रिकामंच राहतं. भाचीच्या एका मैत्रिणीनं आठ महिने खपून मोबाईलमध्ये अशा नोट्सचं सुरेख जाळं विणलं. त्यातलं तोंडी किती सांगता येतं हे विचारायचं मी टाळलं. आरेन्सकडून मी एकच गोष्ट घेते: एका चिठ्ठीवर एकच कल्पना, तीही स्वतःच्या शब्दांत.

जोशुआ फोअरचं 'मूनवॉकिंग विथ आइनस्टाइन' मजेसाठी वाचा. स्मरणस्पर्धेची खरी गोष्ट आहे, पत्ते आणि आकडे कसे लक्षात ठेवतात ते त्यात दिसतं. घराच्या खोल्यांत वस्तू मांडून यादी पाठ करण्याची युक्ती यादीला उत्तम. युक्तिवादाला ती फारशी कामाची नाही.

स्वतःच्या शब्दांवरून आठवलं. आपल्याकडे एक सोय आहे जिचा उल्लेख या पुस्तकांत सापडणार नाही. भाची इंग्रजीत वाचते आणि नोट्सही इंग्रजीत काढते, म्हणजे पुस्तकातलंच वाक्य दोन शब्द इकडचे तिकडे करून उतरवते. त्याला डोकं लागत नाही, हात लागतो. मी म्हटलं, पुस्तक मीट आणि मराठीत लिही. पहिल्याच ओळीला ती अडली. 'डोमेस्टिकेशन'ला काय म्हणायचं? पाळणं म्हणावं, तर हत्तीलाही पाळतातच की! मग हत्ती त्या चौदा प्राण्यांत का नाही? ती पुन्हा पानांत शिरली आणि फरक सापडला. रानातून पकडून माणसाळवणं वेगळं, आणि माणसाच्या हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या पैदास करून जातच बदलणं वेगळं. इंग्रजी शब्द तसाच उतरवला असता तर हा फरक तिला कधीच अडखळवता ना. परीक्षेत लागणारी संज्ञा मात्र इंग्रजीत किंवा हिंदीत आहे तशीच ठेवायची, ती बदलू नये.

आता त्या प्रकरणावर प्रत्यक्ष काय केलं ते सांगते.

तिनं नववं प्रकरण प्रश्न डोळ्यापुढे ठेवून पुन्हा वाचलं, या वेळी पेन हातात न घेता. प्रकरणाचा गाभा असा: जगात पाळण्याजोग्या मोठ्या शाकाहारी सस्तन प्राण्यांच्या 148 जाती, त्यातल्या 14 च माणसानं खऱ्या अर्थानं पाळल्या, आणि 14 पैकी 13 युरेशियातल्या. बाकीचे का नाही जमले, तर सहा अटींपैकी एक जरी तुटली तरी प्राणी बाद. टॉलस्टॉयच्या 'आना कारेनिना' कादंबरीचं पहिलं वाक्य डायमंड इथे आणतो, कारण सुखी संसाराचंही तसंच, सगळं जमून यावं लागतं.

पुस्तक मिटून तिनं लिहिलं. सहापैकी चार अटी आल्या. उघडून पाहिलं तर वाढीचा वेग आणि कळपाची रचना या दोन राहिल्या होत्या. त्या दोनच हिरव्या शाईनं तिनं खाली घातल्या. ही पायरी घाईत उरकू नका. न आठवलेलंच उद्याचं काम असतं, आणि मिटल्याशिवाय ते कुठलं हे कळत नाही.

मग चिठ्ठ्या. तिची पहिली चिठ्ठी होती: "प्राणी न पाळण्याची सहा कारणे लिहा." ही चिठ्ठी वाईट. सहापैकी पाच आली तर बरोबर म्हणायचं की चूक? शिवाय पाठ करताना यादीची लय लक्षात राहते, कारण राहत नाही. ती फाडली आणि एकेका प्राण्याची वेगळी केली. एका बाजूला "हत्ती कामाला लावतात, तरी गोठ्यात त्याची पैदास का करत नाहीत?" आणि मागे "वाढायला वर्षानुवर्षं लागतात, तोवर खायला कोण घालणार. रानातून आयता पकडणं स्वस्त." झेब्रा स्वभावाच्या अटीला, गॅझेल घाबरून उधळण्याला, कोआला खाण्याच्या नखऱ्याला, एकएकटी हद्द राखणारी हरणं कळपाच्या रचनेला. चित्ता पैदाशीला: शिकारीसाठी राजेलोकांनी हौसेनं पाळला, एका मुघल बादशहाकडे हजार होते असं डायमंड सांगतो, पण सगळे रानातून धरून आणलेले. नर दिवसेंदिवस मादीचा पाठलाग करतात, ते पिंजऱ्यात कसं व्हायचं?

इथे ती थांबली. "पण मावशी, कुनोत तर पिल्लं झाली." खरं होतं. 2022 च्या सप्टेंबरात नामिबियाहून चित्ते आपल्या मध्य प्रदेशात आले आणि 2023 च्या मार्चमध्ये तिथे बछडे जन्मले. मग डायमंड चुकला? आम्ही पोहे थंड होईपर्यंत त्यावर वाद घातला. कुनोतली कुंपणं म्हणजे पिंजरे नव्हेत, मोठी जंगलाची आवारं आहेत. आणि आज जगातली प्राणिसंग्रहालयंही खटपट करून चित्त्यांची पैदास करतात. म्हणजे 'होतच नाही' असं नाही. जुन्या राजांना ते जवळजवळ जमलंच नाही, आणि तेवढं डायमंडच्या मुद्द्याला पुरतं. तिनं ही शंका आणि उत्तर चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलं. त्या प्रकरणातली तिची सगळ्यात पक्की चिठ्ठी तीच ठरली, यात नवल नाही. स्वतःला माहीत असलेल्या गोष्टीशी भांडलेलं ज्ञान सहजासहजी निसटत नाही.

उजळणीला एका पुठ्ठ्याच्या मिठाईच्या डब्यात दोन आडवे पुठ्ठे उभे केले आणि तीन कप्पे पाडले. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराची, 1972 ची. त्याच्या पेटीत कप्पे जास्त असतात, आम्हाला तीन पुरले. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज. बरोबर आलं की दुसऱ्यात, तो आठवड्यातून एकदा. पुन्हा बरोबर की तिसऱ्यात, महिन्यातून एकदा. चुकलं की कुठूनही सरळ पहिल्यात. मोबाईलवर अँकी नावाचं अॅप हेच करतं. नाटकी वाटेल, पण डबा टेबलावर दिसतो आणि अॅप दिसत नाही, म्हणून मी डब्याच्या बाजूची.

अंतराचे हे आकडे काही वेदवाक्य नाहीत. इंटरनेटवर एक घसरगुंडीसारखा आलेख फिरतो आणि एका दिवसात अमुक टक्के विसरतं म्हणून मुलांना घाबरवतो. त्याचं मूळ हेर्मान एबिंगहाऊसच्या 1885 च्या पुस्तकात आहे. त्यानं स्वतःवरच प्रयोग केले, आणि तेही अर्थहीन अक्षरांवर. अर्थ असलेलं, समजलेलं प्रकरण त्या वेगानं जात नाही. सुरुवातीला अंतर कमी आणि पुढे जास्त, एवढं तत्त्व घ्या. परीक्षा महिन्यावर असेल तर आठवड्याच्या आसपासचं अंतर बरं. वर्षभर टिकवायचं तर महिन्याचं.

हे सगळं कुठे मोडतं तेही सांगते. चिठ्ठ्या वाढल्या की मोडतं. मी स्वतः एकदा हौसेनं एका पुस्तकाच्या दोनशे चिठ्ठ्या केल्या आणि तिसऱ्या आठवड्यात डब्याकडे बघवेना. आता एका प्रकरणाच्या पाच ते सात, त्याहून जास्त नाही. सात निवडताना प्रकरणात महत्त्वाचं काय हे आपोआप ठरतं. आणि प्रत्येक पुस्तक या वाटेनं न्यायचं नाही. खजूरी बाजारातून वजनावर आणलेली पुस्तकं मी तशीच वाचते आणि तशीच विसरते. हातानं लिहावं की टाइप करावं, यावर फार वेळ घालवू नका. हातानं लिहिण्याचा मोठा फायदा सांगणारा 2014 चा प्रयोग गाजला खरा, पण पुढे इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तो फायदा तसा ठाशीव निघाला नाही.

तीन आठवड्यांनी भाची पोहे खायला आली तेव्हा माझे सासरे समोर बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "काय गं, काय वाचतेस सध्या?" तिनं यालीचा प्रश्न सांगितला, मग चौदा प्राणी, मग झेब्रा, चित्ता, कुनो, हत्ती, कोआला, गॅझेल. आजोबांनी मध्ये दोनदा चष्मा काढून पुसला. सहावी अट आली नाही. हरणांवर येऊन ती थांबली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि मग पिशवीतून डबा काढून हरणांची चिठ्ठी दुसऱ्या कप्प्यातून उचलून पहिल्यात टाकली.